तक्ता वाचता येतो, मग परिच्छेद कशाला?

भाची पवनीहून आली ती थेट लॅपटॉप उघडूनच बसली. एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय भूगोल, लघुप्रबंध भंडारा जिल्ह्याच्या लोकसंख्येवर. चौथं प्रकरण मार्गदर्शकांनी परत पाठवलं होतं. पानाच्या कडेला लाल अक्षरात एवढंच लिहिलेलं: 'तक्त्याची पुनरावृत्ती. निष्कर्ष कुठे आहे?'

"मामू, तक्त्यातलेच आकडे लिहिले ना मी. चुकीचा एकही नाही. मग परत का पाठवलं?"

आमच्या घरात बोलणं उर्दू-मराठी असं मिसळलेलं असतं, पण तिचं शिक्षण पहिलीपासून मराठीत झालं आणि माझी नोकरीही मराठी शाळेतच गेली. त्यामुळे असली कामं माझ्याकडे येतात. शिवाय दुसरं एक कारण होतं. तिच्या तक्त्यातले २०११ चे आकडे ज्या जनगणनेतून आले, त्या जनगणनेत मी प्रगणक होतो. फेब्रुवारी २०११ मध्ये शाळा सुटली की पिशवीत फॉर्म घालून घरोघर फिरलो होतो. फॉर्मवर २९ प्रश्न. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून आजही जिल्ह्याबद्दल काही लिहायचं तर तेच आकडे घ्यावे लागतात.

तिचा तक्ता असा होता:

| | भंडारा २००१ | भंडारा २०११ | महाराष्ट्र २००१ | महाराष्ट्र २०११ |
|---|---|---|---|---|
| दर हजार पुरुषांमागे स्त्रिया | ९८१ | ९८२ | ९२२ | ९२९ |
| ० ते ६ वयोगट: दर हजार मुलग्यांमागे मुली | ९५६ | ९५० | ९१३ | ८९४ |

वरच्या ओळींत लोकसंख्या आणि दहा वर्षांतली वाढ होती. जिल्हा ११,३६,१४६ वरून १२,००,३३४ वर गेला, म्हणजे ५.६५ टक्के वाढ. राज्याची वाढ १५.९९ टक्के.

आणि तक्त्याखाली हा परिच्छेद:

"तक्ता क्र. ४.२ वरून असे दिसून येते की, सन २००१ मध्ये भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या ११,३६,१४६ होती व सन २०११ मध्ये ती १२,००,३३४ झाली. जिल्ह्याचा वाढीचा दर ५.६५ टक्के असून राज्याचा दर १५.९९ टक्के आहे. जिल्ह्याचे लिंग गुणोत्तर ९८१ वरून ९८२ झाले, तर राज्याचे ९२२ वरून ९२९ झाले. ० ते ६ वयोगटात जिल्ह्याचे गुणोत्तर ९५६ वरून ९५० झाले, तर राज्याचे ९१३ वरून ८९४ झाले."

मी तिला म्हटलं, हा परिच्छेद हाताने झाक आणि फक्त तक्ता बघ. काही हरवलं का? ती म्हणाली, नाही. आता तक्ता झाक आणि परिच्छेद वाच. काही नवं कळलं का? तेही नाही. परिच्छेदात बारा आकडे होते आणि बाराही तक्त्यात होते. उलट तक्त्यात ते शेजारी शेजारी होते, डोळ्याला तुलना करता येत होती. वाक्यात घातल्यावर ती सोयही गेली. वाचणाऱ्याला ९२९ पर्यंत पोचेपर्यंत ९८२ कशाचे होते ते पुन्हा मागे जाऊन बघावं लागतं.

तिच्यावर हसण्याचा मला हक्क नाही. शाळेच्या किती अहवालांत मी स्वतः असंच लिहिलं आहे. 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की' एवढं लिहिलं की हात आपोआप चालतो, पान भरतं आणि आपण कशालाच बांधले जात नाही. आकडा उतरवणाऱ्याला कोणी चूक म्हणू शकत नाही. चूक म्हणायला आधी काही म्हटलेलं असावं लागतं.

म्हणून मी तिला पेन ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "हा तक्ता बघून तुला जिल्ह्याबद्दल काय म्हणायचंय? एका वाक्यात. आकडा न घालता."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "भंडाऱ्यात बायकांची स्थिती चांगली आहे."

"कशावरून?"

"९८२. राज्याच्या ९२९ पेक्षा किती तरी जास्त."

विधान आलं, ही चांगली गोष्ट. पण हा आकडा त्या विधानाचं ओझं पेलतो का, हा पुढचा प्रश्न. ९८२ हे सगळ्या वयांचं मिळून आहे. ते कशाकशाने वाढू शकतं, हे आम्ही बसून मोजलं. एक तर बायका सरासरी पुरुषांपेक्षा जास्त जगतात, त्यामुळे म्हाताऱ्या वयात त्यांची संख्या वाढते. दुसरं, पुरुष कामासाठी बाहेर गेले तर मागे राहणाऱ्यांत बायकांचं प्रमाण आपोआप वाढतं. मुलींना बरं वागवलं जातं की नाही, याचा त्यात भाग असेलही, पण तो वेगळा काढता येत नाही.

दुसऱ्या कारणाची मला आठवण होती. जनगणना ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत झाली. तोवर आमच्याकडचं धान कापून, मळून झालेलं असतं. माझ्या वाट्याच्या वस्तीत काही घरांत म्हातारी माणसं, सून आणि पोरं होती. मुलगा कामावर बाहेर. जनगणनेचा नियम असा की माणूस मोजणीच्या त्या सगळ्या दिवसांत घरी नसेल, तर त्याला इथे मोजायचं नाही, तो असेल तिथे मोजला जाईल. मी तो नियम पाळून अशा पुरुषांची नावं लिहिली नव्हती. म्हणजे ९८२ मधला काही भाग माझ्याच हातून आला असणार.

भाची लगेच उत्साहात आली. "मग तेच लिहू! पुरुषांच्या स्थलांतरामुळे गुणोत्तर जास्त आहे."

इथे मला तिला दुसऱ्यांदा थांबवावं लागलं. मी पाहिलेली चार घरं म्हणजे जिल्हा नव्हे. लोकसंख्येची वाढ राज्याच्या जवळजवळ तिप्पट कमी आहे, ही गोष्ट स्थलांतराशी जुळते, पण जन्म कमी झाले तरी वाढ कमीच दिसेल. या तक्त्यात स्थलांतराचा एकही रकाना नाही. जनगणनेचे स्थलांतराचे तक्ते वेगळे असतात. 'मुळे' हा शब्द लिहायचा तर ते आणून शेजारी ठेवावे लागतील. तक्त्याने जे मोजलेलंच नाही ते त्याच्या तोंडी घालणं, ही उतरवून काढण्यापेक्षा मोठी चूक आहे, कारण ती चटकन लक्षात येत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, आकडे दिलेत म्हणजे सिद्ध झालं असेल.

मग बायकांच्या नव्हे, मुलींच्या बाबतीत काही म्हणायचं असेल तर कोणती ओळ वाचायची? खालची. सात वर्षांच्या आतली पोरं कामाला बाहेरगावी जात नाहीत आणि आयुर्मानाचा फरकही तिथे फारसा पोचलेला नसतो. मुलगी जन्मू दिली का आणि जन्मल्यावर जगवली का, याचा माग या ओळीत लागतो.

"तिथे तर घट आहे," ती म्हणाली. "९५६ वरून ९५०. म्हणजे भंडाऱ्यात मुलींचं प्रमाण घटतंय. हे लिहू?"

ही ओळ तिने याआधी दहा वेळा वाचली असेल, पण घट तिला आता दिसली. काही म्हणायचं ठरवलं की आकड्यांकडे बघण्याची नजर बदलते, ती अशी. तरी ही घट विधान करण्याइतकी आहे का, ते तपासायला हवं होतं. मी कागदावर मांडून दाखवलं. समजा, या वयाचे साठ हजार मुलगे आहेत. हजारामागे ६ चा फरक म्हणजे साठ हजारांमागे ३६० मुली. आता नाणं सव्वा लाख वेळा उडवलं तर छापे बरोबर निम्मे पडत नाहीत. शेदोनशे इकडे तिकडे सहज होतात. तेवढे मुलगे जास्त आणि तेवढ्याच मुली कमी झाल्या की हजारामागे पाच-सहाचा फरक पडतो, त्यात कोणाचाच दोष नसतो. जनगणना सगळ्यांना मोजते, नमुना घेत नाही, हे खरं. पण कोणत्या घरी मुलगा होईल आणि कोणत्या घरी मुलगी, यातला योगायोग मोजणीने संपत नाही. म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर ६ ची घट आहे एवढंच खरं. ती कल आहे, असं म्हणता येत नाही.

राज्याची गोष्ट वेगळी. ९१३ वरून ८९४, म्हणजे १९ ची घट, आणि तीही कोट्यवधी लोकसंख्येच्या राज्यात. तिथे योगायोगाने एवढा फरक पडत नाही.

आता राहिला शेवटचा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न. ९५० हे चांगलं की वाईट? तिला वाटत होतं, हजाराला हजार हवेत, म्हणजे पन्नास मुली कमी पडल्या. पुष्कळ लोकांना असंच वाटतं. पण निसर्गात मुलगे थोडे जास्तच जन्मतात, जगभरात साधारण १०० मुलींमागे १०५ मुलगे. तो हिशेब उलटा केला तर हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली येतात. म्हणजे भंडाऱ्याचे ९५० हे तूट दाखवतच नाहीत. ते जवळजवळ निसर्गाइतके आहेत. राज्याचे ८९४ मात्र त्याहून ५०-६० नी खाली आहेत. त्याच जनगणनेत बीड जिल्हा ८०७ वर होता.

हा ९५० चा मापदंड तिच्या तक्त्यात नव्हता. तो बाहेरून आणावा लागला, आणि तो आणल्यावरच तक्त्यातल्या आकड्याला अर्थ आला. परिच्छेदाचं काम हेच आहे, असं मला वाटतं. तक्ता आकडा देतो. तो कशाशी ताडून बघायचा, हे तक्ता सांगत नाही. ते लिहिणाऱ्याने सांगायचं.

मग तिने लिहिलं. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा हे राहिलं:

"राज्यात दिसणारी लहान मुलींची तूट भंडारा जिल्ह्यात दिसत नाही. २०११ मध्ये जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात दर हजार मुलग्यांमागे ९५० मुली होत्या. जन्माच्या वेळचे नैसर्गिक प्रमाणही सुमारे ९५० असते. राज्यात याच वयोगटात ८९४ मुली होत्या, आणि दहा वर्षांत त्यात १९ ची घट झाली होती. जिल्ह्यातील ६ ची घट इतकी लहान आहे की तिच्यावरून कल ठरवता येत नाही. सर्व वयांचे गुणोत्तर (९८२) जिल्ह्यात जास्त असले, तरी ते येथे पुरावा म्हणून घेतलेले नाही, कारण त्यावर स्त्रियांचे आयुर्मान व पुरुषांचे स्थलांतर यांचाही परिणाम होतो (तक्ता क्र. ४.२)."

बारा आकड्यांचे सहा झाले. त्यातले तीनच तक्त्यातून जसेच्या तसे आले आहेत. १९ आणि ६ वजाबाकी करून काढलेले आहेत, म्हणजे ते काम वाचणाऱ्यावर टाकलेलं नाही. एक बाहेरचा आहे. लोकसंख्येचे सात आकडी आकडे आणि वाढीचे दर परिच्छेदातून गेले, कारण या विधानाला त्यांची गरज नव्हती. ते तक्त्यात आहेतच, ज्याला हवेत तो बघेल.

प्रत्येक आकड्याला आम्ही एकच कसोटी लावली: हा काढला तर विधान लंगडं पडतं का? ८९४ काढून बघा, पहिलं वाक्य उघडं पडतं. ९८२ जरा वेगळा आहे. तो विधानाच्या बाजूने उभाच नाही. तरी ठेवला, कारण वाचणाऱ्याची नजर तक्त्यात आधी त्याच्यावरच जाणार आणि 'हा का सोडला?' असं तो विचारणार. सोयीचा असूनही जो आकडा आपण वापरला नाही, तो का वापरला नाही हे सांगितलं की बाकीच्या वाक्यांवर विश्वास बसतो.

वाटेत दोन खड्डे लागले, तेही सांगतो, कारण जिल्ह्यावर लिहिणाऱ्या कोणालाही ते लागतील. तिच्या पहिल्या कच्च्या प्रतीत राज्याचं बालगुणोत्तर ८८३ होतं. तो आकडा खोटा नव्हता. २०११ मध्ये आधी जाहीर झालेला तात्पुरता आकडा होता. अंतिम आकडा ८९४. तक्ता तिने नंतर सुधारला होता, पण परिच्छेदात एका जागी ८८३ तसाच राहिला होता. आकडे दोन ठिकाणी लिहिले की असं होणारच: एक सुधारतो, दुसरा विसरतो. परिच्छेदात आकडे कमी ठेवण्याचा हाही एक फायदा.

दुसरा खड्डा मोठा होता. तिला तक्ता भारदस्त करायला १९९१ चा रकाना घालायचा होता. तेव्हाची जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांच्या घरात. आकडा पुस्तकातला, अगदी खरा. पण तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होता. तो १ मे १९९९ ला वेगळा झाला. तो रकाना घातला असता आणि खाली नेहमीसारखं 'यावरून असे दिसून येते की लोकसंख्या २१ लाखांवरून ११ लाखांवर आली' असं उतरवलं असतं, तर दहा वर्षांत निम्मा जिल्हा नाहीसा झाला असता. उतरवणाऱ्या हाताला असला घोटाळा कळत नाही. 'म्हणजे काय?' असं विचारणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला कळतो.

रात्री जेवताना मी तिला सहज म्हटलं, "तुझा जन्म २००४ च्या पावसाळ्यातला ना? मग फेब्रुवारी २०११ मध्ये तू सहा वर्षांची होतीस."

तिला आधी समजलं नाही. मग घास हातातच राहिला. "म्हणजे मी त्या ९५० मध्ये आहे?"

आहे. माझ्या बहिणीची ती तिसरी मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी नात्यातल्या काही जणींनी जे तोंड वाकडं केलं होतं ते मला अजून आठवतं. बहिणीला तेव्हा कोणी काय सुचवलं होतं, तेही तिने मला पुढे कधी तरी सांगितलं. तिने ऐकलं नाही. पवनीतल्या कोणा प्रगणक गुरुजींनी मग साडेसहा वर्षांनी फॉर्मवर तिचं नाव लिहिलं, वय सहा, स्त्री.

हे काही प्रबंधात लिहायचं नाही, हे तिलाही ठाऊक आहे. एका घराची गोष्ट आकड्याला पुरावा होत नाही. चार घरांनी स्थलांतर सिद्ध झालं नाही, तसंच हे. पण जिल्ह्यातल्या लहान मुलींबद्दल काही तरी म्हणता येत असताना ते न म्हणता 'तक्त्यावरून असे दिसून येते' लिहून पुढे जायचं, हे तिला आता जमणार नाही असं दिसतं. जेवण झाल्यावर ती पुन्हा लॅपटॉपवर बसली. साक्षरतेचा तक्ता होता, ४.३. खालचा परिच्छेद तिने पूर्ण पुसून टाकला होता आणि कोऱ्या जागेकडे बघत बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"आधी ठरवते," ती म्हणाली, "म्हणायचं काय ते."